पंचवीस दिवसांत सॅम्पल जाईल का? पर्टने तारखेचा हिशेब कसा मांडायचा

कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नवीन कास्टिंगची चौकशी आली की ग्राहक आधी दर विचारतो आणि मग तारीख. दरासाठी कॉस्टिंग शीट असते, त्यात वितळवण्यापासून वाहतुकीपर्यंत सगळं मांडलेलं असतं. तारखेसाठी मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्येक खात्याला ‘किती दिवस?’ असं विचारतात, आलेले आकडे बेरजेला घालतात आणि फोनवर तारीख सांगून मोकळे होतात. या बेरजेवर तारीख पाळली जाण्याची शक्यता किती कमी असते, ते आपण पर्ट, म्हणजे प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन अँड रिव्ह्यू टेक्निक, या नियोजनाच्या पद्धतीने काढून बघू.

पर्टचा उगम अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातला, १९५८ चा. यातली बरीचशी कामं पूर्वी कोणी केलेलीच नव्हती, त्यामुळे कशाला किती वेळ लागेल हे एका आकड्यात सांगणं कोणालाच शक्य नव्हतं. नवीन कास्टिंगच्या डेव्हलपमेंटचंही तसंच आहे. रोजच्या उत्पादनाला पर्ट लावायची गरज नाही, तिथे आपल्याकडे नोंदी असतात. पहिल्यांदाच होणाऱ्या कामासाठी मात्र तो फार उपयोगी पडतो.

आपलं उदाहरण

एसजी आयर्नचं एक हाउसिंग आहे. आत कोअर बसतो, बाहेर तीन बाजूंना मशिनिंग आहे. ग्राहकाला मशिनिंग केलेले पाच नग आणि तपासणीचा रिपोर्ट २५ व्या दिवशी हवा आहे. इथे दिवस म्हणजे कामाचे दिवस, साप्ताहिक सुट्टी आणि सण सोडून. हे आधीच ठरवून घ्या, कारण एका खात्याने कॅलेंडरचे दिवस सांगितले आणि दुसऱ्याने कामाचे, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

कामं सात आहेत. आधी मेथडिंग, म्हणजे ड्रॉइंग बघून पार्टिंग लाइन, गेटिंग आणि रायझर ठरवणं. ते झालं की तीन कामं एकाच वेळी सुरू होतात: पॅटर्न शॉपमध्ये पॅटर्न, दुसऱ्या बाकावर कोअर बॉक्स, आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये मशिनिंगचं फिक्स्चर. पॅटर्न आणि कोअर बॉक्स दोन्ही हातात आले की सॅम्पल ओतायचे. यात मोल्डिंग, पोअरिंग, फेटलिंग आणि एक नग कापून आतून बघणं हे सगळं आलं. ओतलेले नग आणि फिक्स्चर दोन्ही तयार झाले की मशिनिंग, आणि शेवटी तपासणी व रिपोर्ट.

हे कागदावर बाणांनी काढा. सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं, पण कोणतं काम कशासाठी अडून राहतं हे चित्रात दिसलंच पाहिजे. आपल्या चित्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीन वाटा आहेत. एक पॅटर्नमधून जाते, दुसरी कोअर बॉक्समधून आणि तिसरी फिक्स्चरमधून.

तीन आकडे कसे काढून घ्यायचे

प्रत्येक कामासाठी तीन वेळा लागतात. सगळं मनासारखं झालं तर लागणारी आशावादी वेळ, सूत्रात a. नेहमीसारखं झालं तर लागणारी सर्वाधिक संभाव्य वेळ, m. आणि अडचणी आल्या तर लागणारी निराशावादी वेळ, b. सूत्र पाठ करणं सोपं आहे, कस लागतो तो हे आकडे खरे मिळवताना.

पॅटर्न मिस्त्रींना विचारलं, “मामा, पॅटर्नला किती दिवस?” तर उत्तर येतं, “नऊ दिवसांत देतो की.” हा m झाला. इथे थांबू नका, आणि त्यांना “जास्तीत जास्त किती?” असंही विचारू नका. त्यावर अकरा किंवा बारा असं संकोचून दिलेलं उत्तर येतं, कारण जास्त दिवस सांगणं म्हणजे आपल्या हाताला कमीपणा, असं कारागिराला वाटतं. त्याऐवजी कारण विचारा. “मागच्या हाउसिंगला उशीर झाला, तो कशानं झाला होता?” मग मामा बोलायला लागतात. “ड्रॉइंग मधेच बदललं. पार्टिंग लाइन सरकवायला लागली, म्हणजे अर्धं काम परत. त्यात लाकूड ओलं निघालं.” असं परत झालं तर किती दिवस लागतील, हा पुढचा प्रश्न. उत्तर अठरा. हा खरा b. आणि “लाकूड वाळलेलं मिळालं, ड्रॉइंगला कोणी हात लावला नाही, दुसरं काम मधे घातलं नाही तर?” याला उत्तर सहा. हा a.

b म्हणजे जगबुडी नव्हे. असं काम शंभरदा केलं तर एखाद्या वेळी लागेल इतका वेळ, असा अंदाज धरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद झाला होता. असा प्रसंग b मध्ये कोंबायचा नाही, ती जोखीम वेगळी लिहून ग्राहकाला वेगळी सांगायची. ती b मध्ये घातली तर प्रत्येक कामाचा आकडा फुगतो आणि गणितातून काहीच हाती लागत नाही.

असे सगळ्यांशी बोलून आपल्या उदाहरणात हे आकडे मिळाले:

| काम | कशानंतर | a | m | b |
|---|---|---|---|---|
| मेथडिंग | सुरुवात | २ | ३ | ४ |
| पॅटर्न | मेथडिंग | ६ | ९ | १८ |
| कोअर बॉक्स | मेथडिंग | ५ | ७ | १५ |
| फिक्स्चर | मेथडिंग | ७ | ११ | २७ |
| सॅम्पल ओतणे | पॅटर्न, कोअर बॉक्स | २ | ३ | १० |
| मशिनिंग | सॅम्पल, फिक्स्चर | १ | २ | ३ |
| तपासणी व रिपोर्ट | मशिनिंग | २ | ३ | ४ |

ओतण्याचा b दहा कसा, असं वाटेल. नग कापल्यावर आत आकसण्याची पोकळी निघाली तर रायझर बदलून परत ओतावं लागतं, ते त्यात धरलं आहे. फिक्स्चरचा b २७ आहे, कारण त्याचे हायड्रॉलिक क्लॅम्प बाहेरगावाहून येतात आणि ते कधी येतील हे वर्कशॉपच्या हातात नाही. प्रत्येक b शेजारी असं कारण एका ओळीत लिहून ठेवा. पुढे त्याचा फार उपयोग होतो.

अपेक्षित वेळ आणि व्हेरियन्स

आता दोन सूत्रं.

```
te  = (a + 4m + b) / 6
var = ((b - a) / 6)^2
```

पहिल्यात नेहमीच्या वेळेला चौपट वजन आणि दोन्ही टोकांना एकेक वजन देऊन सरासरी काढली आहे. पॅटर्नसाठी ६ + ३६ + १८ म्हणजे ६०, भागिले ६, उत्तर १० दिवस. मामांनी नऊ सांगितले होते, हिशेब दहा म्हणतो. उशिराचं टोक लवकरच्या टोकापेक्षा लांब असल्यामुळे हा एक दिवस वाढला. उत्पादनातली जवळजवळ सगळी कामं अशीच असतात. लवकर व्हायला मर्यादा असते, उशिराला नसते.

दुसऱ्या सूत्राने व्हेरियन्स, म्हणजे प्रचरण मिळतं. त्या कामाची वेळ किती हलू शकते, त्याचं हे माप. a ते b हे अंतर सहा प्रमाण विचलनांएवढं धरलं आहे, म्हणून सहाने भागायचं आणि वर्ग करायचा. पॅटर्नला १२ भागिले ६ म्हणजे २, वर्ग ४.

तुमच्या माणसांनी दिलेली टोकं शंभरातल्या एखाद्या वेळची नसून विसातल्या एखाद्या वेळची आहेत असं वाटत असेल, तर व्हेरियन्स काढताना सहाऐवजी ३.२ ने भागण्याचीही पद्धत आहे. नवख्याने आधी सहा घेऊनच शिकावं, पण टोकं कशी मिळाली आहेत ते ध्यानात ठेवावं.

सगळ्या कामांचं मिळून असं येतं:

| काम | अपेक्षित दिवस | व्हेरियन्स |
|---|---|---|
| मेथडिंग | ३ | ०.११ |
| पॅटर्न | १० | ४.०० |
| कोअर बॉक्स | ८ | २.७८ |
| फिक्स्चर | १३ | ११.११ |
| सॅम्पल ओतणे | ४ | १.७८ |
| मशिनिंग | २ | ०.११ |
| तपासणी व रिपोर्ट | ३ | ०.११ |

क्रिटिकल पाथ आणि पहिली शक्यता

आता प्रत्येक वाटेवरचे अपेक्षित दिवस मिळवा. पॅटर्नची वाट ३ + १० + ४ + २ + ३, म्हणजे २२. कोअर बॉक्सची २०. फिक्स्चरची ३ + १३ + २ + ३, म्हणजे २१. सगळ्यांत लांब पॅटर्नची, म्हणून तो क्रिटिकल पाथ. प्रकल्पाची अपेक्षित वेळ २२ दिवस.

त्याच वाटेवरचे व्हेरियन्स मिळवले तर ६.११ येतात. त्याचं वर्गमूळ २.४७, हे वाटेचं प्रमाण विचलन. इथे नवख्यांची एक चूक ठरलेली असते. ते प्रत्येक कामाचं प्रमाण विचलन काढतात आणि त्यांचीच बेरीज करतात. तसं केलं तर २.४७ ऐवजी ४.३३ येतं आणि तारीख उगाच धोक्यात दिसते. बेरीज व्हेरियन्सची करायची, वर्गमूळ शेवटी एकदाच काढायचं.

आता मुदत D आणि अपेक्षित वेळ TE यांच्यातलं अंतर किती प्रमाण विचलनांचं आहे ते बघायचं.

```
Z = (D - TE) / sigma = (25 - 22) / 2.47 = 1.21
```

हा Z नॉर्मल वितरणाच्या तक्त्यात बघा, किंवा एक्सेलच्या घरात असं लिहा:

```
=NORM.S.DIST(1.21, TRUE)
```

उत्तर ०.८८७, म्हणजे २५ दिवसांत काम होण्याची शक्यता ८९ टक्के. ताळा करायला एक गोष्ट लक्षात ठेवा. मुदत आणि अपेक्षित वेळ एकच असेल तर Z शून्य येतो आणि शक्यता ५० टक्के. मुदत अपेक्षित वेळेच्या आतली असेल तर Z उणे आलाच पाहिजे. तो अधिक आला तर वजाबाकी उलटी झाली आहे.

आता सुरुवातीच्या फोनकडे या. सगळ्यांनी सांगितलेल्या नेहमीच्या वेळा क्रिटिकल पाथवर मिळवल्या तर ३ + ९ + ३ + २ + ३, म्हणजे २०. ‘वीस दिवसांत देतो’ असं सांगितलं जातं ते याच बेरजेवर. २० साठी Z येतो उणे ०.८१ आणि शक्यता २१ टक्के. म्हणजे प्रत्येक खात्याने प्रामाणिक आकडा देऊनही तारीख पाचातून चार वेळा चुकणार, आणि नंतर कोणामुळे चुकली यावर भांडण होणार.

बहुतेक जण इथेच थांबतात

८९ टक्के आले, ग्राहकाला होकार कळवला. माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच आहे. क्लासमध्ये गणित इथे संपतं, त्यामुळे पुढे काही असतं हे ठाऊकच नसतं.

काढलेली शक्यता एकट्या पॅटर्नच्या वाटेची आहे. सॅम्पल जायला तिन्ही वाटा २५ दिवसांत पुऱ्या व्हाव्या लागतात. फिक्स्चरची वाट २१ दिवसांची, म्हणजे क्रिटिकल पाथपेक्षा एक दिवसाने लहान. नेहमीच्या हिशेबात तिला एक दिवसाची सवड आहे असं म्हणून सोडून देतात. पण तिचा व्हेरियन्स बघा: ०.११ + ११.११ + ०.११ + ०.११, म्हणजे ११.४४. प्रमाण विचलन ३.३८. मुदतीसाठी Z येतो ४ भागिले ३.३८, म्हणजे १.१८, आणि शक्यता ८८ टक्के.

म्हणजे लांबीने दुसऱ्या क्रमांकाची असूनही ही वाट क्रिटिकल पाथपेक्षा किंचित जास्तच धोक्याची निघाली. तिची सरासरी लहान असली तरी टोक फार लांब आहे.

तिसऱ्या, कोअर बॉक्सच्या वाटेचं प्रमाण विचलन २.२१ आणि शक्यता सुमारे ९९ टक्के. तिची काळजी नको.

आता तिन्ही एकदम जमण्याची शक्यता. वाटा जवळपास स्वतंत्र असतील तर गुणाकार करायचा: ०.८८७ × ०.८८१ × ०.९८८, उत्तर सुमारे ०.७७. मेथडिंग, मशिनिंग आणि तपासणी ही कामं सगळ्या वाटांना सामाईक आहेत, शिवाय पॅटर्न आणि कोअर बॉक्सच्या वाटा ओतण्यापाशी एक होतात. त्यामुळे खरा आकडा किंचित वर, ७७-७८ टक्क्यांच्या आसपास धरा. ८९ वरून आपण इथे आलो. नऊदा जमून एकदा चुकणं आणि चारातून जवळपास एकदा चुकणं यात, दंडाचं कलम असलेल्या ऑर्डरीला फार फरक पडतो.

म्हणून क्रिटिकल पाथ काढल्यावर त्याच्या जवळ असलेली प्रत्येक वाट आणि मोठा व्हेरियन्स असलेली प्रत्येक वाट वेगळी तपासा. मुदतीपर्यंत दोन-तीन प्रमाण विचलनांइतकी सवड असलेली वाट सोडली तरी चालते.

तारीख मागायची की काम बदलायचं

ग्राहकाला ९० टक्के खात्रीची तारीख द्यायची असेल तर उलटं गणित करा. एकट्या क्रिटिकल पाथवर =NORM.S.INV(0.9) ने १.२८ मिळतात आणि २२ + १.२८ × २.४७ म्हणजे २५.२ दिवस, म्हणजे २६ पुरतील असं वाटतं. तिन्ही वाटा धरून २६ दिवसांची शक्यता मात्र ८८ टक्के येते, आणि २७ ची ९४. म्हणजे खरी तारीख २७ वा दिवस.

ग्राहक २५ वरून हलत नसेल तर बघायचं ते b शेजारी लिहिलेल्या कारणांकडे. फिक्स्चरचा b क्लॅम्पमुळे २७ झाला आहे. ड्रॉइंगवरून क्लॅम्पचा आकार पहिल्याच दिवशी ठरवला आणि मेथडिंग संपायची वाट न बघता ऑर्डर दिली, तर वर्कशॉपवाले दादा सांगतात की b १७ वर येईल. a आणि m तेच. अपेक्षित वेळ ११.३ होते, व्हेरियन्स २.७८. ही वाट आता १९.३ दिवसांची, प्रमाण विचलन १.७६, आणि २५ दिवसांत ती पुरी होण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर. एकूण शक्यता ७८ वरून परत ८८ वर येते.

क्लॅम्पची ऑर्डर आधी देण्याला फारसा खर्च नाही. उलट, क्रिटिकल म्हणून पॅटर्न शॉपला ओव्हरटाइम दिला असता तर पैसे गेले असते आणि फिक्स्चरचा धोका तसाच राहिला असता.

पावसाळ्यातला हिशेब

व्हेरियन्सची बेरीज करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: एका कामाचा उशीर दुसऱ्या कामाच्या उशिराशी बांधलेला नाही. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हे गृहीतक डळमळतं. पाऊस लागला की लाकूड दमट होतं, वाळूतली ओल सांभाळावी लागते, वीज जाते, कामगार उशिरा पोचतात. पॅटर्नला उशीर करणारं हवामानच ओतण्यालाही उशीर करतं.

सगळ्यांत वाईट धरून बघू. पॅटर्न आणि ओतणं पूर्णपणे एकमेकांबरोबर हलतात असं मानलं, तर त्या दोघांपुरती प्रमाण विचलनांची बेरीज करावी लागते: २ + १.३३, म्हणजे ३.३३. वर्ग ११.११, बाकी तीन कामांचे ०.३३ मिळवून ११.४४. क्रिटिकल पाथचं प्रमाण विचलन २.४७ वरून ३.३८ होतं, Z ०.८९ आणि शक्यता ८९ वरून ८१ टक्के. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. पावसाळ्यातल्या ऑर्डरीला दोन्ही टोकं काढा आणि तारीख देताना खालचं टोक धरा.

काम सुरू झाल्यावर

सुरुवातीला काढलेला टक्का भिंतीवर लावून ठेवायचा नसतो. प्रत्येक मोठं काम संपलं की गणित परत मांडा. संपलेल्या कामाचा व्हेरियन्स शून्य होतो, त्याच्या जागी प्रत्यक्ष लागलेले दिवस येतात.

समजा १४ व्या दिवशी पॅटर्न हातात आला, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक दिवस उशिरा, आणि कोअर बॉक्स आधीच तयार आहे. पुढे ओतणं, मशिनिंग आणि तपासणी मिळून ९ दिवस, व्हेरियन्स २. अपेक्षित शेवट २३ वा दिवस, Z २ भागिले १.४१, म्हणजे १.४१, शक्यता ९२ टक्के. एक दिवस उशीर होऊनही शक्यता वाढली, कारण या वाटेवरचं सगळ्यांत अनिश्चित काम संपलं.

त्याच दिवशी उद्यमनगरात फोन करून फिक्स्चरचेही नवे तीन आकडे घ्या. उरलेल्या कामाला लवकर झालं तर १, नेहमीसारखं २, अडलं तर ९ असं उत्तर आलं, तर अपेक्षित ३ आणि व्हेरियन्स १.७८. ती वाट २२ व्या दिवशी संपते, शक्यता ९८ टक्के. दोन्ही मिळून ९० च्या आसपास. फोनवर ‘होतंय, होतंय’ एवढंच उत्तर मिळालं आणि तीन आकडे मिळाले नाहीत, तर जुन्या टक्क्यावर विसंबू नका. गाडी काढून वर्कशॉपमध्ये जा आणि क्लॅम्प आले आहेत का ते स्वतः बघा.